‘बाकी’चा रकाना काढून टाका: शाळेची फी, हजेरी आणि पालकांना जाणारे निरोप

शाळेच्या फीचा घोळ बहुतेक वेळा एकाच रकान्यात सुरू होतो. त्या रकान्याचं नाव ‘बाकी’. एक्सेलच्या शीटमध्ये विद्यार्थ्याचं नाव, एकूण फी, भरलेली फी आणि बाकी असे चार रकाने आखले जातात. पालक पैसे भरून गेले की ‘भरलेली’मधला जुना आकडा जातो, तिथे नवा येतो, बाकी आपोआप बदलते आणि शीट सेव्ह होते. पहिले काही आठवडे सगळं ठीक चालतं. मग एखादा चेक परत येतो, कुणाची सवलत उशिरा मंजूर होते, एका भावाचे पैसे दुसऱ्याच्या नावावर पडतात. दर वेळी कुणीतरी आकडा दुरुस्त करतं. सत्राच्या शेवटी आई किंवा वडील हातात पावत्या घेऊन खिडकीशी उभे राहतात, आणि समोरच्या आकड्याचं उत्तर कुणालाच देता येत नाही. आकडा बरोबरही असेल, पण तो कसा आला हे शीटमधून पुसलं गेलेलं असतं.

शाळेसाठी सॉफ्टवेअर शोधणारे बहुतेक लोक ॲप कसं दिसतं, मेसेज किती पाठवता येतात, रिपोर्ट किती प्रकारचे निघतात, हे आधी पाहतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे. हे सॉफ्टवेअर बाकी लिहून ठेवतं की दर वेळी नोंदींवरून काढतं? फी, हजेरी आणि पालकांना जाणारे निरोप या तिन्ही गोष्टी पुढे नीट चालणार की नाही, हे बऱ्याच अंशी या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं.

नोंद लिहायची, बाकी काढायची

हिशेब ठेवणाऱ्यांना यात नवं काही नाही. कीर्दीत दिवसाचा प्रत्येक व्यवहार क्रमानं लिहायचा, खतावणीत तो ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचा आणि शिल्लक बेरीज करून काढायची. लिहिलेलं खोडायचं नाही. चूक झाली तर उलट नोंद घालायची. शाळेच्या फीसाठी हाच नियम संगणकात आणायचा आहे, आणि एक्सेलच्या चार रकान्यांनी नेमका तोच मोडलेला असतो.

एक खातं उलगडून पाहू. विद्यार्थी क्रमांक १०४७. वर्षाची फी २४,०००, तीन हप्ते, प्रत्येकी ८,०००. धाकटा भाऊ याच शाळेत असल्यामुळे दर हप्त्यावर १० टक्के सवलत आहे. पहिल्या हप्त्याच्या महिन्यात जे घडलं ते असं:

| तारीख | नोंद | रक्कम | येणे बाकी |
|---|---|---|---|
| १ | पहिल्या हप्त्याची आकारणी | +८,००० | ८,००० |
| ५ | भावंड सवलत | −८०० | ७,२०० |
| १२ | चेकनं जमा | −७,२०० | ० |
| १९ | चेक परत, १२ तारखेच्या जमेची उलट नोंद | +७,२०० | ७,२०० |
| १९ | चेक परत आल्याचा आकार | +२०० | ७,४०० |
| २४ | रोख जमा | −५,००० | २,४०० |
| २८ | ऑनलाइन जमा | −३,००० | −६०० |
| ३० | २८ तारखेच्या जमेची उलट नोंद, रक्कम धाकट्याच्या खात्यावर | +३,००० | २,४०० |

महिन्याच्या शेवटी आई कार्यालयात येते. तिचा हिशेब साधा आहे आणि तिच्या बाजूनं खराही आहे: ७,२०० चा चेक दिला, ५,००० रोख दिले, ३,००० ऑनलाइन भरले, म्हणजे एकूण १५,२०० दिले. हप्ता ८,००० चा. मग अजून २,४०० कसले मागता?

चार रकान्यांच्या शीटमध्ये या प्रश्नाला उत्तर नाही. तिथे फक्त २,४०० दिसतात. वरच्या खात्यात मात्र प्रत्येक ओळ उत्तर देते. १५,२०० पैकी ७,२०० चा चेक वटला नाही. ३,००० धाकट्यासाठी भरले होते, ते आता त्याच्या खात्यावर आहेत. उरले ५,०००. देणं होतं ८,००० वजा ८०० अधिक २००, म्हणजे ७,४००. फरक २,४००. हे सांगायला दोन मिनिटं लागतात, आणि कुणालाही खोटं ठरवावं लागत नाही. फीच्या खिडकीवर पालकांचा जो अपमान होतो तो बऱ्याचदा उद्धटपणातून होत नाही. लिपिकाकडे दाखवायला काहीच नसतं, म्हणून आवाज चढतो.

२८ तारखेची ओळही पाहा. त्या दिवशी बाकी उणे ६०० झाली, म्हणजे शाळेकडेच पालकांचे ६०० जास्त जमा दिसत होते. हप्ता पूर्ण भरलेला नसताना खातं उणे होणं ही चुकीची ठळक खूण आहे. रोज संध्याकाळी उणे खात्यांची यादी काढली तर चुकीच्या नावावर पडलेले बरेच पैसे दुसऱ्याच दिवशी सापडतात. काही उणी खाती खरी आगाऊ भरणा असतात. ती ओळखून बाजूला ठेवायची.

टेबल कसं असावं

सॉफ्टवेअर बनवून घेणार असाल तर बनवणाऱ्यापुढे एवढं ठेवा. तयार सॉफ्टवेअर घेणार असाल तरी हे समजून घ्या, म्हणजे विक्रेत्याला काय विचारायचं ते कळेल.

```sql
CREATE TABLE entries (
  id          INTEGER PRIMARY KEY,
  student_id  INTEGER NOT NULL,
  entry_date  DATE NOT NULL,
  due_date    DATE NOT NULL,
  kind        TEXT NOT NULL,
  amount      INTEGER NOT NULL,
  reverses_id INTEGER REFERENCES entries(id),
  request_key TEXT UNIQUE NOT NULL
);

SELECT SUM(amount) FROM entries
WHERE student_id = 1047 AND due_date <= CURRENT_DATE;
```

यात `balance` नावाचा रकाना कुठेही नाही. आकारणी अधिक, जमा आणि सवलत उणे, आणि बाकी म्हणजे त्यांची बेरीज. `student_id` हा शाळेनं प्रवेशाच्या वेळी दिलेला कायमचा क्रमांक. हजेरी क्रमांक इथे चालणार नाही, कारण तो दर वर्षी बदलतो. नावही चालणार नाही, कारण एकाच वर्गात एकाच नावाची दोन मुलं असतात आणि एकाच मुलाचं नाव तीन कागदांवर तीन प्रकारे लिहिलेलं असतं. मूल शाळा सोडून गेलं तरी त्याचा क्रमांक पुन्हा कुणाला देऊ नये.

`due_date` म्हणजे देय तारीख. हा रकाना नसेल तर काय होतं ते लवकरच कळतं. वर्षाच्या सुरुवातीला तीन हप्त्यांची आकारणी एकदम केली की प्रत्येक मुलाच्या नावावर २४,००० बाकी दिसते, आणि पुढच्या आठवड्यात साऱ्या शाळेला थकबाकीचा निरोप जातो. देय तारीख असली की बेरजेत आजवरचंच देणं धरलं जातं. इथे एक खाचही आहे. सवलत ज्या हप्त्यावर आहे, त्याच हप्त्याची देय तारीख तिला द्यावी लागते. वर्षाची २,४०० ची सवलत एकाच ओळीत आजच्या तारखेनं टाकली तर ती सगळी पहिल्या हप्त्यातून वजा होते. पहिला हप्ता स्वस्त होतो, पुढचे दोन महाग पडतात, आणि पालक पुन्हा विचारायला येतात.

`request_key` हा रकाना बाहेरून क्षुल्लक वाटतो, पण माझा सगळ्यात जास्त आग्रह याच्यासाठीच असतो. इंटरनेट संथ आहे, लिपिकानं ‘जतन करा’ दाबलं, स्क्रीन हलली नाही, म्हणून पुन्हा दाबलं. संगणकाला दोन विनंत्या पोचल्या आणि एकाच रकमेच्या दोन पावत्या निघाल्या. यावरचा उपाय असा, की फॉर्म उघडतानाच त्याला एक वेगळी खूण द्यायची आणि ती नोंदीबरोबर पाठवायची. खूण `UNIQUE` असल्यामुळे तीच विनंती दुसऱ्यांदा आली तर डेटाबेस ती नाकारतो आणि पहिलीच पावती पुन्हा दाखवता येते. ऑनलाइन भरण्यातही हीच खूण कामी येते. पालकांच्या खात्यातून पैसे जातात, पण परत शाळेच्या पानावर येण्याआधीच मोबाइल बंद पडतो. म्हणून ‘यशस्वी’ असं पान दिसलं की नाही यावर नोंद अवलंबून ठेवायची नाही. पैसे घेणारी सेवा शाळेच्या सर्व्हरला थेट कळवते, त्या सूचनेवर नोंद करायची. ही सूचना कधीकधी दोनदाही येते. त्या व्यवहाराचा क्रमांकच `request_key` म्हणून वापरला की दुसरी सूचना आपोआप निष्फळ ठरते.

खोडता येऊ नये हा नियम सूचनाफलकावर लावून पाळला जात नाही. तो डेटाबेसमध्येच घालायचा:

```sql
REVOKE UPDATE, DELETE ON entries FROM office_user;
```

यानंतर कार्यालयातल्या कुणालाही नोंद बदलता किंवा काढता येत नाही, फक्त नवी घालता येते. चूक दुरुस्त करायची तर `reverses_id` मध्ये मूळ नोंदीचा क्रमांक देऊन उलट नोंद करायची. काही संस्थांना हे अविश्वासाचं वाटतं. माझं मत उलटं आहे. हिशेबात पैसे कमी निघाले की पहिला संशय लिपिकावर जातो, आणि जिथे कुणीही काहीही बदलू शकतं तिथे प्रामाणिक माणसाला स्वतःला निर्दोष दाखवता येत नाही. हा नियम त्याच्या रक्षणासाठी आहे.

पावती क्रमांकाबद्दल थोडंसं. डेटाबेसमधला आपोआप वाढणारा क्रमांक थेट पावतीवर छापू नका. एखादा व्यवहार अर्धवट राहून रद्द झाला की असा क्रमांक वाया जातो आणि पावत्यांच्या क्रमात भोक पडतं. तपासनीस नेमका त्या गायब पावतीबद्दल विचारतो. पावतीचा क्रमांक वेगळ्या मोजणीतून, नोंद जतन होतानाच घ्यावा. रद्द केलेली पावतीही क्रमात राहावी, तिच्यावर ‘रद्द’ असा शेरा असावा.

रोज संध्याकाळी दोन ताळे जुळवायचे. पेटीतली रोकड मोजून ती दिवसभराच्या रोख नोंदींच्या बेरजेशी, आणि बँकेत जमा झालेल्या रकमा चेक आणि ऑनलाइन नोंदींशी. फरक त्याच दिवशी सापडला तर आज कोण आलं होतं हे आठवतं. महिन्यानं सापडला तर फक्त तर्क उरतात.

यातलं पुष्कळसं काम सॉफ्टवेअर घेण्याआधीही सुरू करता येतं. एक्सेलमध्येच एक साधी शीट करा: तारीख, विद्यार्थी क्रमांक, प्रकार, रक्कम, देय तारीख. एका व्यवहाराला एक ओळ, ओळ कधी पुसायची नाही. १०४७ ची बाकी मग अशी निघते:

```
=SUMIFS(D:D, B:B, 1047, E:E, "<="&TODAY())
```

लहान शाळेला एवढ्यानंही मोठा फरक पडतो. मर्यादा अर्थातच आहेत. शीटमधली ओळ कुणीही बदलू शकतं, दोन माणसांनी एकाच वेळी काम केलं तर गोंधळ होतो, आणि ऑनलाइन भरणा आपोआप चढत नाही. या अडचणी येऊ लागल्या की सॉफ्टवेअर घ्यायची वेळ झाली असं समजावं. तोवर नोंदी योग्य रूपात जमलेल्या असल्यामुळे त्या उचलून नव्या प्रणालीत टाकणंही सोपं जातं.

हजेरी: ‘गैरहजर’ वेगळं, ‘घेतलीच नाही’ वेगळं

हजेरीतला घोळ ‘बाकी’च्या घोळाचाच भाऊ आहे. इथेही आकडा उरतो आणि तो कसा आला ते हरवतं.

बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये विद्यार्थ्यापुढे ‘हजर’ किंवा ‘गैरहजर’ अशी दोनच घरं असतात. शिक्षक त्या दिवशी रजेवर असतील, किंवा हजेरी घ्यायची राहून गेली असेल, तर प्रणालीला काहीतरी एक धरून चालावं लागतं. ‘गैरहजर’ धरलं तर साऱ्या वर्गाच्या पालकांना मूल शाळेत पोचलं नाही असा निरोप जातो. ‘हजर’ धरलं तर खरंच न पोचलेल्या मुलाबद्दल कुणालाच कळत नाही. दुसरी चूक पहिलीपेक्षा भयंकर आहे, आणि ती दिसतही नाही.

म्हणून दोन वेगळ्या नोंदी ठेवाव्यात. एक नोंद तासाची: अमुक वर्ग, अमुक तारीख, हजेरी कुणी आणि किती वाजता सादर केली. दुसरी नोंद फक्त अपवादांची: कोण गैरहजर, कोण उशिरा, कोण अर्ध्या दिवसानं गेलं. पहिली नोंद नसेल तर त्या वर्गाबद्दल प्रणालीला काहीच माहीत नाही, आणि तिनं तसंच सांगावं. शिक्षकांच्या मोबाइलवर सगळी मुलं हजर दाखवून फक्त गैरहजर मुलांच्या नावावर बोट ठेवायला सांगणं सोयीचं आहे. चाळीस मुलांचा वर्ग असला तरी अर्ध्या मिनिटात काम होतं. पण शेवटी ‘सादर करा’ हे बटण दाबल्याशिवाय हजेरी झाली असं धरू नये. नुसतं पान उघडून बंद केलं तर तास अजून रिकामाच.

टक्केवारी काढतानाही हाच फरक आडवा येतो. समजा शाळेचे कामाचे दिवस १०० झाले, आणि एका मुलीनं ४१ व्या दिवशी प्रवेश घेतला. ती ५४ दिवस हजर आहे. १०० नं भागलं तर ५४ टक्के येतात आणि तिच्या घरी कमी हजेरीचं पत्र जातं. खरं तर तिला ६० दिवसच मिळाले, म्हणजे तिची हजेरी ९० टक्के आहे. भागाकारातली खालची संख्या कायम अशीच काढायची: त्या मुलीच्या वर्गाचे, तिच्या प्रवेशानंतरचे, हजेरी खरोखर सादर झालेले दिवस. जे दिवस हजेरी घेतली गेली नाही ते तिच्या विरुद्धही मोजायचे नाहीत आणि तिच्या बाजूनंही. ते मुख्याध्यापकांच्या यादीत वेगळे दिसले पाहिजेत.

वर्गात नेट नसेल तर हजेरी मोबाइलवरच साठून नंतर वर जावी. अशा वेळी क्वचित दोन नोंदी भिडतात. शिक्षकांच्या मोबाइलवर मूल गैरहजर आहे, आणि दरम्यान कार्यालयानं ते उशिरा आल्याचं नोंदवलं आहे. मोबाइलची नोंद उशिरा पोचली म्हणून तिनं कार्यालयाची नोंद पुसू नये. दोन्ही नोंदी घेतलेल्या वेळेसकट ठेवाव्यात, म्हणजे सकाळी गैरहजर आणि नंतर हजर झालं हा खरा क्रम दिसतो.

निरोप कुणाला, कधी

नोंदी नीट असल्या तरच पालकांना निरोप पाठवायला सुरुवात करा. बऱ्याच ठिकाणी हा क्रम उलटा होतो. मेसेजची सोय सगळ्यात आकर्षक वाटते म्हणून ती आधी चालू होते, आणि आतला गोंधळ थेट घराघरांत पोचतो. एकदा चुकीचा गैरहजेरीचा निरोप आला की आई कामावरून उठून शाळेकडे धावत सुटते. दुसऱ्यांदा चुकीचा आला की ती तिसरा गांभीर्यानं घेत नाही, आणि तिसरा कदाचित खरा असतो.

त्यामुळे गैरहजेरीच्या निरोपाला एक ठरलेली चाल हवी. शाळा ९ वाजता भरत असेल तर ९:३० पर्यंत हजेरी सादर व्हावी. न झालेल्या वर्गांची सूचना शिक्षकांना आणि पर्यवेक्षकांना जावी, पालकांना नाही. ९:३० ते ९:५० कार्यालय गैरहजरांची यादी पाहील, फाटकावर उशिरा आलेल्यांची नावं त्यातून काढेल, आधीच रजा कळवलेली मुलं वगळेल. ९:५० ला उरलेल्यांच्या घरी निरोप जाईल. ही वीस मिनिटं वाया जात नाहीत. निरोपावरचा पालकांचा विश्वास त्यांतून टिकतो.

फीच्या आठवणीत वेगळी गफलत होते. थकबाकीदारांची यादी शुक्रवारी तयार होते, निरोप सोमवारी जातात, आणि शनिवारी पैसे भरलेल्या पालकांनाही ‘आपली फी थकली आहे’ असं वाचावं लागतं. निरोप आधी लिहून रांगेत ठेवायला हरकत नाही, पण पाठवण्याच्या क्षणी बाकी पुन्हा काढून पाहावी आणि ती शून्य किंवा उणे असेल तर निरोप रद्द व्हावा. बाकी नोंदींवरून निघत असेल तर ही तपासणी म्हणजे वर दिलेलीच दोन ओळींची क्वेरी. आणि फीचा निरोप वर्गाच्या ग्रुपवर किंवा मुलाच्या हाती कधीच देऊ नये. घरच्या पैशांची अडचण मुलानं वर्गमित्रांसमोर वाहू नये, एवढं तर शाळेच्या हातात नक्की आहे.

पालकांचा मोबाइल क्रमांक विद्यार्थ्याच्या ओळीत एक रकाना म्हणून ठेवला की पुढे त्रास होतो. दोन भावंडं असतील तर तोच क्रमांक दोन ठिकाणी, आणि बदलला की एकाच ठिकाणी दुरुस्त होतो. पालकांचं टेबल वेगळं करा, आणि पालक व विद्यार्थी यांना जोडणारं तिसरं टेबल ठेवा. त्या जोडणीवर लिहायचं: नातं काय, फीचे निरोप यांना जातात का, गैरहजेरीचे जातात का, मुलाला घरी न्यायची परवानगी आहे का. आईवडील वेगळे राहत असतील, फी आजोबा भरत असतील, मूल मावशीकडे राहत असेल, तर प्रत्येक निरोप योग्य माणसाकडेच जावा. चुकीच्या माणसाला गेलेला निरोप काही घरांत नुसती गैरसोय करून थांबत नाही.

निरोप ‘पाठवला’ आणि ‘पोचला’ यांतही अंतर असतं. पाठवणारी सेवा पोचल्याची स्थिती कळवते, ती प्रत्येक निरोपापुढे नोंदवून ठेवावी. एकाच क्रमांकावर तीनदा निरोप पोचला नाही तर कार्यालयाच्या यादीत ‘फोन करून क्रमांक तपासा’ असं काम आपोआप यावं.

मराठीत एसएमएस पाठवणार असाल तर एक मोजमाप आधीच माहीत हवं. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा असतो, पण देवनागरी मजकूर वेगळ्या सांकेतिक पद्धतीनं जातो आणि त्यात ७० च बसतात. त्याहून लांब झाला की निरोपाचे तुकडे पडतात, प्रत्येकात ६७, आणि सेवा प्रत्येक तुकड्याचा खर्च धरते. शिवाय काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही सगळी स्वतंत्र मोजली जातात. ‘विद्यार्थी’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पण एसएमएसमध्ये तो १० जागा घेतो. म्हणून ‘आपणांस कळविण्यात येते की आपला पाल्य’ अशी सुरुवात सोडून द्या. ‘अनिरुद्ध आज शाळेत गैरहजर. माहिती नसल्यास शाळेला फोन करा.’ या निरोपात नाव सोडून ४८ जागा जातात, नावाला २२ उरतात, आणि ‘अनिरुद्ध’ला ८ लागतात. एका तुकड्यात काम होतं आणि घाईत असलेल्या माणसाला एका नजरेत कळतंही.

विकत घेताना आणि सुरू करताना

विक्रेता दाखवायला आला की त्याच्या तयार सादरीकरणाआधी १०४७ चं खातं त्याच्या पुढ्यात ठेवा आणि आठही ओळी तुमच्यासमोर भरायला सांगा. चेक परत आल्यावर तो जुनी पावती उघडून रक्कम शून्य करत असेल, तर ते सॉफ्टवेअर घेऊ नका. ३० तारखेला चूक सुधारताना २८ ची ओळ गायब होत असेल, तरी घेऊ नका. ‘जतन करा’ पटकन दोनदा दाबून पाहा. एका वर्गाची हजेरी मुद्दाम न घेता दुसऱ्या दिवशी त्या वर्गाची टक्केवारी पाहा. शेवटी सगळ्या नोंदी, नुसत्या बाक्या नव्हेत, सीएसव्ही फाइलमध्ये तुमच्या हाती देता येतात का ते विचारा. उद्या सॉफ्टवेअर बदलायचं झालं तर शाळेचा इतिहास त्याच फाइलमधून तुमच्याबरोबर येईल. बॅकअप घेतो असं सगळेच सांगतात. तो परत चढवून दाखवायला सांगा.

सुरुवात सत्राच्या आरंभी करावी, आणि आधी फक्त फी. जुनी वर्षं मागे जाऊन भरत बसू नका. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावावर ‘आरंभीची शिल्लक’ अशी एकच नोंद घाला, आणि ती चालू करण्याआधी आकडा पालकांना कळवून त्यांच्याकडून पक्का करून घ्या. वाद असलेली खाती याच वेळी पुढे येतील. ती नव्या प्रणालीत शिरण्याआधीच कागदावर मिटवा. एक महिना जुनं पावती पुस्तक आणि नवी प्रणाली दोन्ही चालवा, आणि रोज दोन्हीकडची एकूण जमा जुळवा. महिनाभर बेरजा न चुकता जुळल्या की पावती पुस्तक बंद करून हजेरीचं काम हाती घ्या. निरोप त्यानंतर, आणि सुरुवातीला एकाच वर्गाला.